जन्माची नोंद राहून गेलीय? आधी "नोंद नाही" हा कागद काढा

जन्माची नोंद एक वर्षाच्या पुढे गेली की तहसीलला किंवा प्रांत ऑफिसला नुसतं आधार कार्ड घेऊन जाऊ नका. सगळ्यात जास्त अर्ज तिथेच परत येतात आणि माणसं दिवसभर थांबून हात हलवत घरी जातात, हे मी इतक्यांदा बघितलंय की आता सविस्तर लिहायचं ठरवलं.

मुदतीचं पहिलं सांगतो. २१ दिवसांच्या आत नोंद फुकट होते. २१ ते ३० दिवसांत थोडी लेट फी भरून होते. ३० दिवस ते एक वर्षात जिल्हा निबंधकाची किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. हे दिवस बाळ जन्मल्याच्या तारखेपासून मोजतात, दवाखान्यातून डिस्चार्ज मिळाल्यापासून नाही, इथे बरेच लोक चुकतात. एक वर्ष उलटलं की प्रकरण मॅजिस्ट्रेटकडे जातं. पूर्वी नोंद करण्याचा आदेश कोर्टातून आणावा लागायचा, पण १९६९ च्या कायद्यात २०२३ ला बदल झाला आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून तो अधिकार जिल्हाधिकारी, प्रांत किंवा जिल्हाधिकाऱ्यांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे आला. महाराष्ट्रात बोगस दाखल्यांच्या तक्रारींमुळे २०२५ च्या सुरवातीला हे काम थांबवलं होतं आणि नंतर तपासणी कडक करून परत सुरू केलं, म्हणून दोन वर्षांपूर्वी शेजाऱ्याचं काम पटकन झालं होतं यावर जाऊ नका.

आता मुख्य मुद्दा. आदेश देणारा अधिकारी पहिला प्रश्न विचारतो की नोंद खरंच झालेली नाही हे कशावरून? त्याचं उत्तर म्हणजे अनुपलब्धता प्रमाणपत्र, नमुना १०, ज्याला लोक "नोंद आढळत नाही" चा दाखला म्हणतात. हा कोण देतो? जिथे जन्म झाला तिथला निबंधक. तुम्ही राहता तिथला नाही, वडिलांच्या गावचा नाही, जन्माच्या जागेचा. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि माहेरी म्हणजे बऱ्याचदा तालुक्याच्या दवाखान्यात, मग नोंद त्या नगरपालिकेकडे शोधायची असते आणि आपण गावच्या ग्रामपंचायतीत खेटे घालत बसतो.

आमच्या ओळखीच्या एका ताईंचं असंच झालं. जन्म १९८८ चा, घरच्यांच्या मते घरीच, सुईणीच्या हातून. सासरच्या ग्रामपंचायतीने अर्ज घेतला, दोन महिने ठेवला आणि मग सांगितलं की आमच्या हद्दीत जन्मच नाही. घेतानाच सांगितलं असतं तर? मग माहेरच्या गावी गेलो. तिथे नावाने शोधलं तर काही नाही, म्हणून मी विनंती केली की नाव सोडा, वडिलांचं नाव आणि मागचे पुढचे दोन-दोन महिने बघा. कारण जुन्या रजिस्टरमध्ये बाळाचं नाव बहुतेक वेळा कोरंच असतं, नुसतं "मुलगी" आणि आईवडिलांची नावं. अशी नोंद सापडली तर उशिराच्या नोंदीची गरजच नसते, नाव भरण्याचा वेगळा अर्ज असतो. ताईंची सापडली नाही, पण शोध नीट झाल्यामुळे नमुना १० खात्रीचा मिळाला. (१९७० च्या आधीचा जन्म असेल तर तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये कोतवाल बुक किंवा गाव नमुना १४ सुद्धा बघायला लावा.)

पुराव्यात ताईंच्या कामी आला तो पहिल्या शाळेचा जनरल रजिस्टरचा उतारा. शाळा सोडल्याचा दाखला नंतर केव्हाही निघतो, पण रजिस्टरातली ओळ त्या वर्षीच लिहिलेली असते, म्हणून तिला वजन जास्त. तिथे तारीख होती १ जून आणि आधारवर ७ सप्टेंबर. १ जून ही गुरुजींनी अंदाजे टाकलेली तारीख असते हे गावात सगळ्यांना माहीत आहे, पण फाईलमध्ये दोन तारखा दिसल्या की अडचण. आम्ही अर्जातच एका परिच्छेदात फरकाचं कारण लिहिलं आणि मोठ्या भावाचा शाळेचा उतारा, आईचं रेशन कार्ड जोडलं. फरक तुम्ही आधी सांगितला तर खुलासा, त्यांनी शोधला तर संशय. आधार मात्र ओळखीपुरतंच धरा, जन्मतारखेचा पुरावा म्हणून ते चालत नाही.

दवाखान्यात जन्म असेल तर डिस्चार्ज कार्ड, लसीकरणाचं कार्ड, जे असेल ते द्या. स्थानिक चौकशी आणि पोलिसांचा अहवाल होतो, तेव्हा गावातल्या जाणत्या माणसांना आधी सांगून ठेवा, नाहीतर ते घाबरून "माहीत नाही" म्हणतात.

आणि एक, आदेश हातात पडला म्हणजे दाखला मिळाला असं नाही. तो आदेश घेऊन परत जन्माच्या जागेच्या निबंधकाकडे जायचं, फी भरून नोंद करून घ्यायची, मग दाखला निघतो. प्रिंट काढायच्या आधी आईवडिलांच्या नावाचं स्पेलिंग मराठी आणि इंग्रजी दोन्हीत स्वतः वाचून बघा, कारण नोंद झाल्यावर दुरुस्तीचा अर्ज वेगळा करावा लागतो.