संचित वारंवारता वक्रावरून मध्यक काढणं

वर्गीकृत डेटा असेल, म्हणजे मूळ आकडे हातात नाहीत, फक्त कुठल्या वर्गात किती जण आहेत एवढंच माहिती आहे, तेव्हा ग्राफ पेपरवर संचित वारंवारता वक्र काढून त्यावरून मध्यक वाचता येतो. या वक्राला ओजाइव्ह पण म्हणतात. पद्धत सोपी आहे, पण बिंदू कुठे मांडायचा तिथेच सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून तेच आधी नीट बघू.

एक उदाहरण घेऊया. 50 गुणांची परीक्षा, 60 विद्यार्थी. 0-10 मध्ये 4 जण, 10-20 मध्ये 9, 20-30 मध्ये 15, 30-40 मध्ये 22 आणि 40-50 मध्ये 10. आता वरून खाली बेरीज करत जायचं की संचित वारंवारता मिळते: 4, 13, 28, 50, 60. यातला 28 म्हणजे काय, तर 30 पेक्षा कमी गुण असलेले एकूण 28 जण. हे वाक्य मनात म्हटलं की बिंदू कुठे येणार ते आपोआप कळतं, तो 30 वर येणार, म्हणजे वर्गाच्या वरच्या मर्यादेवर. 25 वर नाही, कारण 25 पर्यंत 28 जण झालेत असं टेबल कुठेच सांगत नाही, ते 28 जण 30 आल्यावरच पूर्ण होतात.

तर बिंदू झाले (10, 4), (20, 13), (30, 28), (40, 50), (50, 60), आणि सुरुवातीला (0, 0) पण घ्यायचा, 0 पेक्षा कमी गुण कोणालाच नाहीत म्हणून. आडव्या अक्षावर 1 सेमी = 5 गुण आणि उभ्या अक्षावर 1 सेमी = 5 विद्यार्थी असं प्रमाण घेतलं तर ग्राफ 10 सेमी रुंद, 12 सेमी उंच होतो आणि मिलिमीटरचा एक बारीक चौकोन अर्ध्या गुणाचा पडतो, वाचायला एकदम सोयीचं.

आता एकूण 60 चे निम्मे 30. उभ्या अक्षावर 30 पासून, म्हणजे 6 सेमी उंचीवरून, पट्टीने आडवी रेषा वक्रापर्यंत न्यायची, जिथे टेकेल तिथून सरळ खाली लंब टाकायचा आणि आडव्या अक्षावर तो कुठे पडतो ते वाचायचं. इथे तो 30 च्या पुढे साधारण दोन बारीक चौकोनांवर पडतो, म्हणजे मध्यक अंदाजे 31. सूत्राने ताळा केला तर 30 + (2 ÷ 22) × 10 = 30.9 येतं. बिंदू पट्टीने सरळ जोडले तर ग्राफ नेमकं हेच उत्तर देतो, कारण वर्गातले लोक सगळीकडे सारखे पसरलेत असं सूत्र धरून चालतं आणि सरळ रेषा पण तेच धरते. हाताने गोलसर वक्र काढला तर उत्तर थोडं सरकतं, इथे 31 च्या जरासं पुढे, आणि ते चूक नाही, फक्त वक्र मध्येच कुठे खाली उतरता कामा नये, बेरीज कधी कमी होत नसते.

वर्गमध्यावर बिंदू मांडले तर काय होतं? वारंवारता बहुभुजात वर्गमध्य घ्यायची सवय असते, ती इथे घुसते. मग सगळा वक्र अर्ध्या वर्गाने डावीकडे सरकतो आणि मध्यक 31 ऐवजी 26 च्या आसपास येतो, तब्बल 5 गुणांचा फरक. आकार मात्र अगदी बरोबर दिसतो, त्यामुळे बघून संशय येत नाही. पकडायची खूण एकच, शेवटचा बिंदू बघायचा: तो 50 वर हवा, 45 वर असेल तर सगळंच सरकलंय. वर्ग 1-10, 11-20 असे तुटक दिले असतील तर आधी ते सलग करून बिंदू 10.5, 20.5 वर मांडायचे.

उत्तर किती नेमकं येणार हे वक्र त्या जागी किती चढा आहे त्यावर ठरतं. आपल्या उदाहरणात 30-40 मध्ये वक्र चांगला चढा आहे, आडवी रेषा एक मिलिमीटर वरखाली झाली तरी मध्यक पाव गुणाच्या आतच हलतो. पण त्याच रुंदीच्या मध्यक वर्गात फक्त 4 जण असते तर तेवढ्याच चुकीने सव्वा गुण इकडेतिकडे झाला असता, त्यामुळे वक्र सपाट असेल तिथे दशांशात उत्तर लिहिण्यात काही अर्थ नाही.

दुसरीकडे, शेवटचा वर्ग "40 आणि त्यापुढे" असा उघडा असला तरी अडत नाही. तिथला बिंदू मांडता येत नाही हे खरं, पण 30 ची रेषा त्याच्या कितीतरी आधीच वक्राला मिळालेली असते, फक्त एकूण संख्या माहिती पाहिजे.