स्क्रीनवर बँकेचा नंबर, पण फोन बँकेचा नाही

फोन वाजतो आणि स्क्रीनवर तुमच्या बँकेचा ग्राहक सेवा क्रमांक दिसतो. तुमच्या कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकाशी तो अंकन्‌अंक जुळतो. तरीही पलीकडे बोलणाऱ्याचा बँकेशी काडीचाही संबंध नसू शकतो. यासाठी बँकेची यंत्रणा कुणी फोडलेली नसते आणि तुमच्या मोबाइलमध्येही बिघाड नसतो. या प्रकाराला कॉलर आयडी स्पूफिंग म्हणतात. कार्यालयांमध्ये फोनयंत्रणा बसवणे हे आमचे काम आहे. ज्या सेटिंगचा इथे गैरवापर होतो ते आम्ही रोज हाताळतो, म्हणून आमच्या ग्राहकांना ते नीट समजावून सांगणे आम्हाला आवश्यक वाटते.

नंबर येतो कुठून?

कॉल पोहोचवण्यासाठी फोनच्या जाळ्याला फक्त एक नंबर अचूक लागतो, तो म्हणजे तुमचा. फोन करणाऱ्याचा नंबर सोबत जातो, पण कॉल जोडण्यासाठी त्याची गरज नसते. टपालाच्या पाकिटावर ‘प्रेषक’ म्हणून कुणाचेही नाव लिहिले तरी पत्र पत्त्यावर पोहोचतेच, तसेच हे आहे.

पूर्वी हा नंबर टेलिफोन एक्स्चेंज स्वतः भरत असे. पुढे मोठ्या कार्यालयांची एक रास्त गरज पुढे आली. आत पन्नास टेबलांवर पन्नास फोन असले, तरी बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कॉलवर कार्यालयाचा मुख्य नंबर दिसायला हवा. त्यामुळे कोणता नंबर दाखवायचा हे ग्राहकाच्या स्वतःच्या यंत्रणेने सांगावे, अशी सोय झाली. आता बहुतेक कार्यालयीन कॉल इंटरनेटवरून जातात. तिथे कॉल सुरू करणाऱ्या संदेशात अशी एक ओळ असते:

```
From: "Bank" <sip:+12025550143@example.net>
```

ही ओळ फोन करणाऱ्याच्या बाजूचे सॉफ्टवेअर भरते. सेवा देणारी कंपनी काळजीपूर्वक काम करणारी असेल, तर हा नंबर खरोखर त्या ग्राहकाला दिलेला आहे का ते ती तपासते. नसेल, तर कॉल अडवते किंवा नंबर बदलून खरा घालते. सगळ्याच कंपन्या हे करत नाहीत, आणि भामटे नेमक्या अशाच कंपनीकडून जोडणी घेतात. तिथून एकदा कॉल बाहेर पडला की तो दोन-चार कंपन्यांच्या जाळ्यांतून पुढे जातो. प्रत्येक कंपनी आलेला नंबर जसाच्या तसा पुढे देते. तुमच्या मोबाइल कंपनीला एवढेच कळते की हा कॉल आपल्याला अमुक कंपनीने आणून दिला. तो मुळात कुणी लावला, हे तिला त्या क्षणी दिसत नाही.

नाव कसे दिसते, तेही पाहा. तुम्ही बँकेचा क्रमांक ‘बँक’ म्हणून सेव्ह केला असेल, तर तुमचा फोन आलेले अंक स्वतःच्या यादीशी ताडतो आणि ‘बँक’ असे दाखवतो. नाव ओळखून दाखवणारी ॲपही हेच करतात, त्यांची यादी फक्त मोठी असते. म्हणजे ज्याने सावधपणे बँकेचा नंबर जपून ठेवला, त्याचीच फसगत अधिक पक्की होते. एसएमएसचेही असेच आहे. पाठवणाऱ्याचे नाव सारखे असले की फोन खोटा संदेश बँकेच्या जुन्या, खऱ्या संदेशांच्या खालीच लावतो.

यावर तांत्रिक उपाय नाही का?

आहे, पण अर्धाच. STIR/SHAKEN नावाच्या पद्धतीत कॉल सुरू करणारी कंपनी त्यावर डिजिटल सही करते आणि A, B किंवा C असा दर्जा देते. A म्हणजे ‘हा ग्राहक आमचा आहे आणि हा नंबर वापरण्याचा त्याला हक्क आहे’. B म्हणजे ‘ग्राहक आमचा आहे, नंबरची खात्री नाही’. C म्हणजे ‘कॉल आमच्याकडून पुढे गेला, एवढेच सांगू शकतो’. अमेरिकेत मोठ्या कंपन्यांना 30 जून 2021 पासून ही पद्धत बंधनकारक झाली. अडचण अशी की ही सही इंटरनेटवर चालणाऱ्या जाळ्यांतूनच टिकते. वाटेत एखादा जुन्या पद्धतीचा टप्पा आला की ती गळून पडते. शिवाय सही नंबरबद्दल असते, बोलणाऱ्याच्या हेतूबद्दल नाही. भामट्याने रीतसर विकत घेतलेल्या नंबरालाही A दर्जा मिळू शकतो. त्यामुळे अशा सहीवरून स्क्रीनवर दिसणारी बरोबरची खूण ही ‘बँकच आहे’ याची हमी नव्हे.

असा फोन आतून कसा चालतो

समजा, भामट्याकडे तुमचे नाव, मोबाइल नंबर आणि बँकेचे नाव आहे. कुठून तरी गळालेल्या यादीत एवढे सहज मिळते. तो बँकेचा नंबर दाखवून फोन करतो आणि म्हणतो, ‘तुमच्या खात्यातून एक मोठी रक्कम बाहेर जात आहे, ती तुम्हीच पाठवताय का?’ तुम्ही घाबरून ‘नाही’ म्हणता. तो धीर देतो, थांबवतो म्हणतो. तुमच्या आवाजात शंका जाणवली, तर तो स्वतःच सुचवतो: ‘कार्डाच्या मागचा नंबर आणि स्क्रीनवरचा नंबर ताडून पाहा.’ तुम्ही ताडता, जुळतो, आणि शंका मिटते. सगळ्या डावाचा मधला खांब हाच आहे. म्हणून आमचे स्पष्ट मत असे की, नंबर ताडून पाहायला सांगणारा फोन तिथेच ठेवून द्यावा.

पुढे तो म्हणतो, ‘व्यवहार रद्द करण्यासाठी तुम्हाला एक कोड येईल, तो सांगा.’ त्याच वेळी तो दुसऱ्या यंत्रावर तुमच्या नावाने लॉगिन करत असतो किंवा पैसे पाठवत असतो. कोड खरोखर बँकेकडूनच येतो, कारण व्यवहार खरोखर सुरू झालेला असतो, तो त्याने सुरू केलेला असतो. त्या संदेशाचा मजकूर पूर्ण वाचा. कोड कशासाठी आहे हे बहुतेक वेळा त्यातच लिहिलेले असते, आणि तिथे ‘रद्द करण्यासाठी’ नाही तर ‘पैसे पाठवण्यासाठी’ किंवा ‘नवीन उपकरण जोडण्यासाठी’ असे असते. फोनवरचा माणूस सलग बोलत राहतो, तो तुम्ही ही ओळ वाचू नये म्हणूनच. कोड, पिन किंवा पासवर्ड तोंडी सांगून कोणताही व्यवहार रद्द होत नाही.

मग करायचे काय

फोन ठेवा. समोरच्याला प्रश्न विचारून पकडण्याच्या फंदात पडू नका. त्याच्याकडे तुमच्या खात्याचे चार तपशील असू शकतात आणि ते ऐकून तुमचाच विश्वास वाढेल. खरा बँक कर्मचारी असेल, तर तुम्ही फोन ठेवून परत केलात याचा त्याला राग येणार नाही.

मग कार्डाच्या मागचा किंवा खाते-विवरणपत्रावरचा नंबर पाहून एक-एक अंक स्वतः दाबा. हा उपाय चालतो, कारण खोटेपणा फक्त येणाऱ्या कॉलला चिकटलेला असतो. तुम्ही फोन लावता तेव्हा जाळे तुम्ही दाबलेल्या अंकांवरून वाट काढते, आणि ती वाट खऱ्या बँकेकडे जाते. आलेल्या कॉलवरच बोट ठेवून परत लावू नका. कधी कधी नंबर हुबेहूब नसतो, एखादा अंक किंवा सुरुवातीचा देशाचा कोड वेगळा असतो, आणि तसा परत लावलेला फोन भामट्याकडेच जातो. बोलणाऱ्याने दिलेला नंबर किंवा इंटरनेटवर शोधून वर आलेला पहिला नंबरही वापरू नका. काही बँकांच्या ॲपमध्ये ‘आमचा प्रतिनिधी आत्ता तुमच्याशी बोलत आहे’ असे दिसण्याची सोय असते. तुमच्या बँकेची असेल तर ॲप स्वतः उघडून पाहा, आलेल्या लिंकवरून नाही.

एवढे करूनही तुमचा किंवा तुम्हाला येणारा फोन तीन प्रकारे चुकीच्या हाती जाऊ शकतो.

पहिला प्रकार तारेच्या फोनचा. काही जुन्या एक्स्चेंजमध्ये तुम्ही रिसीव्हर ठेवला तरी समोरच्याने ठेवेपर्यंत लाइन थोडा वेळ चालूच राहते. भामटा डायल टोनचा आवाज वाजवतो, तुम्ही नंबर दाबता आणि त्याचाच साथीदार ‘नमस्कार, ग्राहक सेवा’ म्हणतो. म्हणून मोबाइलवरून फोन करा. तो नसेल, तर आधी आवाज ओळखीचा आहे अशा कुणाला तरी फोन लावून लाइन खरंच मोकळी झाल्याची खात्री करा.

दुसरा प्रकार कॉल फॉरवर्डिंगचा. बोलण्याच्या ओघात तुम्हाला तारा आणि चौकडीच्या खुणा असलेला एखादा कोड डायल करायला लावला असेल, तर तुमच्याकडे येणारे फोन आता भामट्याकडे वळत असतील. त्यात बँकेचा खातरजमेचा फोन आणि आवाजी ओटीपीही आले. बहुतेक मोबाइल जाळ्यांवर पहिल्या कोडने सध्याची स्थिती कळते आणि दुसऱ्याने सगळे फॉरवर्डिंग रद्द होते:

```
*#21#
##002#
```

दुसऱ्या कोडने व्हॉइसमेलची जोडणीही निघून जाते, ती नंतर पुन्हा चालू करावी लागते.

तिसरा प्रकार सर्वांत वाईट. ‘सुरक्षेसाठी’ म्हणून तुमच्याकडून एखादे ॲप टाकून घेतले असेल, तर त्या फोनवरून बँकेला फोन करू नका. अँड्रॉइडवर अशी घातक ॲप सापडली आहेत, जी तुम्ही बँकेचा नंबर लावल्यावर कॉल परस्पर दुसरीकडे नेतात आणि स्क्रीनवर मात्र बँकेचाच नंबर दाखवतात. अशा वेळी तो फोन विमान मोडवर टाका आणि दुसऱ्या फोनवरून बँकेशी बोला.

कोड सांगून झाला असेल तर

लाज किंवा विचार करण्यात वेळ घालवू नका. बँकेला वरच्या पद्धतीने फोन करून आधी ऑनलाइन सेवा आणि कार्ड गोठवायला सांगा, पासवर्ड त्यानंतर बदला. क्रम उलटा केला तर पासवर्ड बदलेपर्यंतच्या काही मिनिटांत भामट्याचे आधीच सुरू असलेले लॉगिन चालूच राहते. पैसे कुठल्या खात्यात गेले ते दिसत असेल, तर तेही सांगा. रक्कम पुढे सरकण्याआधी समोरच्या बँकेला ती रोखता येऊ शकते. तक्रार क्रमांक लिहून घ्या आणि पोलिसांकडेही नोंद करा.

कॉलची नोंद फोनमधून पुसू नका. दिसलेल्या नंबरवरून भामटा सापडत नाही, पण तारीख, मिनिटापर्यंतची वेळ आणि तुमचा स्वतःचा नंबर यांवरून सापडू शकतो. तुमची मोबाइल कंपनी आपल्या नोंदीत तो कॉल शोधते, तो कुणी आणून दिला ते पाहते, मग त्या कंपनीला विचारले जाते, आणि असा एक-एक टप्पा मागे जात मूळ जोडणीपर्यंत पोहोचता येते. कंपन्या या नोंदी कायम ठेवत नाहीत, म्हणून तक्रार लवकर झालेली बरी.

आणि रागाच्या भरात तो नंबर ब्लॉक करू नका. तो खरोखरच बँकेचा आहे. उद्या तुमच्या खात्यातल्या संशयास्पद व्यवहाराबद्दल बँकेने खराखुरा फोन केला, तर तो तुमच्यापर्यंत पोहोचायला हवा. तो आल्यावरही ठेवायचा आणि कार्डामागचा नंबर स्वतः लावायचा.