कानाने पाहिलेला मोदक

उकडीच्या मोदकांची कृती सांगणारी सहा फोटोंची पोस्ट आहे आणि खाली एकच ओळ, 'बघा, किती सोपं!' ज्याला दिसत नाही, त्याच्या फोनमधला टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर ही ओळ वाचतो आणि फोटोपाशी 'इमेज' म्हणून पुढे सरकतो. हे वाचक सॉफ्टवेअर अक्षरं बोलून दाखवतं, चित्र नव्हे. इन्स्टाग्राम आपणहून वर्णन जोडतं खरं, पण ते बहुतेक वेळा 'खाद्यपदार्थ असावा' एवढ्यावरच थांबतं.

म्हणून प्रत्येक फोटोला वेगळा ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे फोटोचं लिखित वर्णन, द्यायचा. तो पडद्यावर दिसत नाही, फक्त ऐकू येतो. पोस्ट आधीच टाकली असेल तर ती संपादनात उघडून `Edit alt text` मध्ये लिहिता येतो.

लिहायचं काय? चौथा फोटो घ्या, कळ्या पाडण्याचा. 'मोदकाचा फोटो' हे निरुपयोगी, कारण 'इमेज' तर फोन आधीच सांगतो. निळा ओटा, स्टीलची थाळी, मागे लोंबणारा नॅपकिन हेही नको. इथे बघणारा काय शोधतोय? कळी कुठे आणि कशी पाडली ते. मग असं लिहावं: 'तळहातावर वाटीच्या आकाराची पारी, मधे सारण. कडेला अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीने जवळजवळ कळ्या पाडल्या आहेत, त्या कडेपासून खालपर्यंत उतरतात.' हाच फोटो आजीच्या आठवणींच्या पोस्टमध्ये असता, तर तिचे सुरकुतलेले हात आधी आले असते. नेमकं तेच आधी सांगायचं. ऐकणाऱ्याला परिच्छेदावर नुसती नजर फिरवून हवं ते उचलता येत नाही.

सहावा फोटो म्हणजे रंगीत पाटीवर लिहिलेलं प्रमाण. इथे 'साहित्याची यादी' असा ऑल्ट देणं म्हणजे पाकीट दाखवून पत्र न देणं. 1 वाटी तांदळाची पिठी, 1 वाटी पाणी, चमचाभर तूप, चिमूटभर मीठ असं सगळं कॅप्शनमध्ये लिहावं. डोळसांनाही ते कॉपी करता येतं. पाटीच्या ऑल्टमध्ये मग 'प्रमाण कॅप्शनमध्ये दिलं आहे' इतकं पुरतं.

मराठीत आणखी एक घोळ होतो. 'ukad gar zali ki' असं रोमनमध्ये लिहिलं, की इंग्रजी आवाज त्याची पार वाट लावतो. देवनागरीतच लिहा. कॅप्शनसाठी नटवी, वळणदार रोमन अक्षरं वापरू नयेत, कारण ती खरं तर गणिती चिन्हं असतात. काही वाचक सॉफ्टवेअर ती एकेक करून उच्चारतात, काही गाळतात. ओळीच्या मधे दहा वेगवेगळे इमोजी पेरले, तर दहाही नावानिशी ऐकावे लागतात. हॅशटॅगमध्ये शब्द अंडरस्कोअरने तोडा: #उकडीचे_मोदक.

पोस्ट टाकल्यावर टॉकबॅक चालू करा (बंद कसा करायचा ते आधी बघून ठेवा, नाहीतर फोनशी झटापट होते), डोळे मिटा आणि सहाही फोटो ऐका. चौथ्या फोटोनंतर बोटं आपोआप चिमटीत आली, तर वर्णन जमलंय.