मुंबई–पुणे अंतर (रेल्वे, रस्ता आणि हवाई)

मुंबई आणि पुणे या दोन शहरांमधले अंतर रेल्वेने १९२ किलोमीटर, रस्त्याने साधारण १५० किलोमीटर आणि सरळ हवाई रेषेने सुमारे ११९ किलोमीटर भरते. पहिला आकडा छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस (सीएसएमटी) ते पुणे स्थानक असा रुळांवरून मोजलेला आहे. तिसरा त्याच दोन स्थानकांच्या अक्षांश-रेखांशांवरून काढता येतो. रस्त्याच्या आकड्याला ‘साधारण’ म्हणावे लागते, कारण रस्ता एकच नाही. रेल्वे सरळ रेषेपेक्षा ७३ किलोमीटर जास्त का चालते, असे विचारले की बहुतेक जण बोरघाटाकडे बोट दाखवतात. हिशेब मांडला तर घाटाचा वाटा त्यात बराच लहान निघतो.

सीएसएमटी ते पुणे ही सरळ रेषा नकाशावर ओढली तर ती मुंबई बंदराच्या पाण्यावरून उरणकडे जाते आणि खोपोलीच्या थोडी दक्षिणेकडून सह्याद्री ओलांडते. रेल्वे मात्र आधी ईशान्येला कल्याणपर्यंत ५४ किलोमीटर जाते आणि तिथून वळून आग्नेयेला पुण्याची दिशा धरते. सीएसएमटी ते कल्याण सरळ अंतर ४५ किलोमीटर, कल्याण ते पुणे सरळ अंतर सुमारे १११. म्हणजे रूळ अगदी दोरीसारखे सरळ टाकले असते, तरी केवळ कल्याणला वळसा घालण्यामुळे ११९चे १५६ झाले असते. जास्तीच्या ७३ किलोमीटरपैकी निम्मे, ३७ किलोमीटर, इथेच खर्ची पडतात.

हा वळसा एकोणिसाव्या शतकात ठरला. मुंबई बेटावर होती आणि ठाण्याची खाडी ओलांडायची तर ती अरुंद असते तिथेच ओलांडणे शक्य होते. १८५३ साली बोरीबंदर–ठाणे ही पहिली गाडी धावली, पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोहोचले. तिथून एक फाटा थळघाटातून नाशिककडे आणि दुसरा बोरघाटातून पुण्याकडे न्यायचा होता. खाडीवरचा एकच खर्चिक मार्ग दोन्ही फाट्यांना वापरता आला. पुण्याच्या प्रवाशाला त्यासाठी उलट्या दिशेने जावे लागते, ही गोष्ट तेव्हा गौण होती. बांधणाऱ्यांचे लक्ष कापसावर आणि बंदरावर होते.

आता घाटाकडे पाहू. कर्जत सीएसएमटीपासून १०० किलोमीटरवर आणि लोणावळा १२८वर आहे, म्हणजे घाटातली रेल्वे २८ किलोमीटरची. या दोन स्थानकांमधले सरळ अंतर सुमारे २० किलोमीटर आहे. तेव्हा घाटामुळे वाढ झाली ती जेमतेम आठ किलोमीटरची. ती का झाली, हे चढ पाहिला की कळते. कर्जत ते लोणावळा उंचीत साडेपाचशे मीटरांहून थोडा जास्त फरक आहे. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फार चढ घेऊ शकत नाही. बोरघाटातला सर्वांत तीव्र चढ ३७ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. या प्रमाणात ५६० मीटर चढायला किमान पावणेएकवीस किलोमीटर रूळ लागतात. त्यातच डोंगर उतरत्या पाटीसारखा नसून भिंतीसारखा उभा आहे, म्हणून रुळांना त्याच्या कडेकडेने, बोगद्यांतून आणि पुलांवरून लांब जावे लागते. एवढ्या चढासाठीही बऱ्याच गाड्यांना कर्जतला मागून बँकर इंजिने जोडतात. १८६३मध्ये घाट सुरू झाला तेव्हा तर वाटेत गाडी उलटी फिरवून पुढचा चढ घ्यावा लागे. ते रिव्हर्सिंग स्टेशन १९२९मध्ये नव्या बोगद्यांमुळे बंद झाले.

चढण्याने अंतर वाढते, असे अनेकांना वाटते, पण ती वाढ नगण्य असते. २८ किलोमीटरमध्ये ५६० मीटर चढल्यावर तिरपी लांबी आडव्या लांबीपेक्षा अवघी सहा मीटर जास्त भरते. अंतर वाढवतात ती वळणे. चढाचा दोष एवढाच की तो वळणे घ्यायला भाग पाडतो. उरलेली वाढही अशीच सपाटीवर थोडी थोडी साठत जाते. लोणावळा ते पुणे हा तसा सोपा टप्पा, तरीही तिथे सरळ ५५ किलोमीटरच्या जागी रूळ ६४ किलोमीटर जातात.

रस्त्याचे दोन फायदे आहेत. रबरी टायर रस्त्याला घट्ट धरतात, त्यामुळे डोंगराळ भागात २०ला १ हा चढ रस्त्याला सहज चालतो आणि तेवढ्याच उंचीसाठी सव्वाअकरा किलोमीटर पुरतात. दुसरा फायदा जास्त मोठा आहे. १९७३मध्ये वाशीजवळ खाडीवर पूल झाला आणि रस्त्याची ठाणे-मुंब्र्याची फेरी सुटली. पुण्याच्या बहुतेक रेल्वेगाड्या आजही कल्याणवरूनच जातात. नंतर कळंबोली ते किवळे असा ९४.५ किलोमीटरचा द्रुतगती मार्ग झाला. घाटातले अंतर आणखी सहा किलोमीटरने कमी करण्यासाठी खोपोली–कुसगाव या जोडरस्त्याची आखणी झाली. २०२४मध्ये खुला झालेला अटल सेतू दक्षिण मुंबईतून निघणाऱ्याला थेट चिर्ले गावाजवळ उतरवतो. रस्त्याचा आकडा असा दर पिढीला बदलतो. रेल्वेचा १९२ मात्र तुलनेने स्थिर राहिला आहे.

हवाई अंतरात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. ११९ हा आकडा पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरच्या सर्वांत लहान रेषेचा आहे. विमान तेवढेच उडत नाही. एक तर विमानतळ म्हणजे स्थानक नव्हे. सांताक्रूझ ते लोहगाव हे सरळ अंतर सुमारे १२४ किलोमीटर, वैमानिकाच्या भाषेत ६७ नॉटिकल मैल, आहे. शिवाय विमान वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून सुटते. मुंबईत वारा बहुधा पश्चिमेचा असल्याने पुण्याचे विमानही आधी अरबी समुद्रावर जाते आणि मग वळते. उतरताना धावपट्टीच्या रेषेत येण्यासाठी पुन्हा फेरा पडतो. एवढ्या लहान प्रवासात हे फेरे जाणवण्याइतके मोठे ठरतात.

तिन्ही आकड्यांची तुलना करताना टोके सारखी आहेत ना, हे आधी तपासावे. पुण्याचे रस्त्याचे अंतर कुणी दादरहून सांगतो, कुणी वाशीहून, आणि शेजारी रेल्वेचा आकडा मात्र सीएसएमटीचा ठेवतो. अशाने रस्ता आहे त्याहून आखूड दिसतो. तिकिटावरचे किलोमीटरही डोळे झाकून घेऊ नयेत, कारण रेल्वे भाड्यासाठी धरते ते अंतर काही मार्गांवर प्रत्यक्षापेक्षा वाढवलेले असते. कोकण रेल्वे हे त्याचे ठळक उदाहरण आहे. मार्ग उभारण्याचा मोठा खर्च वसूल व्हावा म्हणून तिथे प्रवासी भाड्यासाठी अंतर ४० टक्क्यांनी वाढवून धरले गेले. रुळांची खरी लांबी हवी असेल तर वरच्या विजेच्या तारांचे खांब पाहावेत. प्रत्येक खांबावरच्या पाटीवर वर किलोमीटरचा आकडा आणि खाली त्या किलोमीटरमधला खांबाचा क्रमांक लिहिलेला असतो.