मसुराच्या नऊ कॅलरी गेल्या कुठे?

जेवणाची रोजची नोंद ठेवणाऱ्यांना कधी ना कधी एक गोष्ट खटकते. तक्त्यात प्रथिने, कर्बोदके आणि स्निग्ध पदार्थ ग्रॅममध्ये दिलेले असतात, शेजारी एकूण कॅलरी असतात, पण आपण गुणाकार-बेरीज करून पाहिली तर आकडा जुळत नाही. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यातला कच्चा अख्खा मसूर घ्या. बरीचशी अ‍ॅप्स हाच तक्ता वापरतात. १०० ग्रॅम मसुरात २४.६३ ग्रॅम प्रथिने, ६३.३५ ग्रॅम कर्बोदके आणि १.०६ ग्रॅम स्निग्ध पदार्थ. शाळेपासून पाठ असलेल्या ४-४-९ या हिशेबाने साधारण ३६१ कॅलरी व्हायला हव्यात. तक्ता म्हणतो ३५२. (इथे कॅलरी म्हणजे किलोकॅलरी, बोलताना कोणी किलो लावत नाही.)

ही छपाईची चूक नाही. मसुरातल्या प्रथिनांना इथे ग्रॅमला ४ नव्हे, ३.४७ कॅलरी धरल्या आहेत. कर्बोदकांना उलट किंचित जास्त, ४.०७, आणि स्निग्ध पदार्थांना ८.३७. या आकड्यांनी गुणून पाहा, बरोबर ३५२ येतात.

मुळात ४ हा आकडाही निसर्गाने दिलेला नाही, तो सरासरी काढून गोळाबेरीज केलेला आहे. विल्बर ॲटवॉटर या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो बसवला. प्रथिने बंद पोलादी भांड्यात प्राणवायूत पूर्ण जाळली तर ग्रॅमला सुमारे ५.६५ कॅलरी उष्णता निघते. पण शरीर त्यांना इतके पूर्ण जाळत नाही. प्रथिनांतला नायट्रोजन आपल्याला इंधन म्हणून वापरता येत नाही. यकृत त्याचा मुख्यतः युरिया करते आणि तो लघवीतून बाहेर जातो. युरियात अजून जळण्याजोगे काही शिल्लक असते, म्हणजे ती ऊर्जा खाल्ली खरी, पण अंगी लागली नाही. ॲटवॉटरने या तोट्यासाठी ग्रॅममागे १.२५ कॅलरी वजा केल्या. राहिल्या ४.४०. त्यातही खाल्लेले सगळे पचत नाही. मिश्र आहारातली सुमारे ९२ टक्के प्रथिने शोषली जातात असे त्याने धरले, आणि उत्तर आले ४.०५. तेच आपले ४.

आता हा ९२ टक्क्यांचा आकडा त्या काळच्या अमेरिकी ताटाचा आहे, ज्यात मांस, दूध, अंडी आणि पांढरा पाव भरपूर. सगळे पदार्थ असे पचत नाहीत. कडधान्यांची प्रथिने पेशींच्या चिवट भिंतींआड असतात, सोबत तंतुमय भाग असतो आणि पाचकरसांना अडवणारे काही घटकही असतात, शिजवल्यावर त्यातले बरेचसे निष्प्रभ होत असले तरी. म्हणून १९५५ साली अमेरिकी कृषी खात्याच्या मेरिल आणि वॉट यांनी प्रत्येक खाद्यगटासाठी वेगळे गुणक प्रसिद्ध केले. कडधान्यांसाठी त्यांनी शोषण ७८ टक्के धरले: ५.७० वजा १.२५, म्हणजे ४.४५, आणि त्याचे ७८ टक्के ३.४७. अंड्यासाठी ९७ टक्के, म्हणून ४.३६. म्हणजे प्रथिनांच्या कॅलरी नेहमी कमीच धरतात असेही नाही. अंड्याचा हिशेब ४-४-९ने केला तर १०० ग्रॅमला १३९ येतात आणि तक्त्यात १४३ असतात. दुधाला आणि मांसाला ४.२७, अख्ख्या गव्हाच्या पिठाला ३.५९. बाजारातल्या पाकिटावर मात्र बहुधा सरसकट ४ च असतात, कारण लेबलासाठी सोपा आणि सगळ्यांना सारखा नियम लागतो. एकाच अ‍ॅपमध्ये एक नोंद तक्त्यातून आणि दुसरी पाकिटावरून आलेली असली की एकाच डाळीचे दोन आकडे दिसतात ते यामुळे.

आपल्या वहीत याने किती फरक पडतो? समजा दिवसभरात ६० ग्रॅम कोरडा मसूर, चार पोळ्यांपुरती १२० ग्रॅम कणीक आणि दूध-दही मिळून १५ ग्रॅम प्रथिने पोटात गेली. मसुराच्या १५ ग्रॅम प्रथिनांत साधारण ८ कॅलरी कमी होतात, कणकेच्या १४ ग्रॅममध्ये ६. दूध-दह्यात ४ वाढतात. सगळे मिळून दहाएक कॅलरींचा फरक. फोडणीत चहाचा एक चमचा तेल अंदाजाने जास्त पडले तर ४० कॅलरी वाढतात, आणि घरात फोडणीचे तेल मोजून कोण घालते?

त्याहून मोठा घोळ कच्च्या-शिजलेल्याचा. नुसता उकडलेला मसूर १०० ग्रॅमला ११६ कॅलरी, कच्चा ३५२. वाटीभर उकडलेला २०० ग्रॅम मसूर खाऊन नोंद कच्च्याच्या ओळीत केली तर २३२ च्या जागी ७०४ लिहिले जातात. पातळ आमटीत तर पाणीच इतके असते की वाटीने मोजण्यात अर्थ नाही. कुकरला लावण्याआधी मसूर कोरडा तोलावा आणि माणसांत वाटून घ्यावा.

प्रथिनांसाठी आणखी एक आकडा ऐकू येतो, ३.२, आणि खरी गफलत तिथे होते. प्रथिने पचवताना, त्यांची तोडमोड करताना आणि युरिया बनवताना शरीर बरीच ऊर्जा उष्णतेच्या रूपात खर्च करते. प्रथिनांच्या ऊर्जेपैकी सुमारे २० ते ३० टक्के यात जातात, कर्बोदकांच्या ५ ते १०, आणि स्निग्ध पदार्थांच्या फार तर ३. हा खर्च वजा करून शरीराच्या कामाला उरते तेवढीच ऊर्जा मोजायची, असा विचार केला की प्रथिनांचा आकडा ३.२ वर येतो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या २००३ च्या अहवालात या पद्धतीची सविस्तर चर्चा आहे, पण शिफारस जुनीच पद्धत चालू ठेवण्याची आहे.

ती का, हे नोंद ठेवणाऱ्याने नीट समजून घ्यावे. तुमची दिवसाची गरज, समजा २००० कॅलरी, ही माणूस दिवसभरात एकूण किती ऊर्जा खर्च करतो यावरून काढलेली असते. त्या खर्चात अन्न पचवण्याची उष्णता आधीच धरलेली आहे. आता खाण्याच्या बाजूला प्रथिने ३.२ ने मोजली आणि गरज मात्र २००० च ठेवली, तर तीच उष्णता दोनदा वजा झाली. रोज ६० ग्रॅम प्रथिने खाणाऱ्याच्या वहीतून अशा ४८ कॅलरी गायब होतात. व्यायामशाळेत जाऊन दिवसाला १५० ग्रॅम खाणाऱ्याच्या १२०. तो वहीकडे पाहून १२० कॅलरी अजून शिल्लक आहेत असे समजतो, तेवढे खाऊन टाकतो आणि वजन का हलत नाही म्हणून डोके खाजवतो. ३.२ वापरायचेच असेल तर गरजेचा आकडाही त्याच पद्धतीने कमी करावा लागतो, आणि बहुतेक अ‍ॅप्सचे गणित त्यासाठी बांधलेले नसते.

३.४७ चे तसे नाही. तिथे फक्त न पचलेले आणि लघवीतून गेलेले वजा आहे, म्हणून २००० च्या गरजेशी त्याची तुलना चालते. तक्त्याने ३५२ दिले असतील तर ३५२ लिहावेत. ग्रॅमवरून पुन्हा ४-४-९ करून ते ३६१ करत बसू नये.