पहिल्या n वर्गांची बेरीज (घन बहुपदीची जुळणी)

पहिल्या n नैसर्गिक संख्यांच्या वर्गांची बेरीज, म्हणजे S(n) = 1² + 2² + … + n², ही n मधील घन बहुपदी असते. तिचे सूत्र n(n+1)(2n+1)/6 असे आहे. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये रचलेल्या ‘आर्यभटीया’च्या गणितपादात या बेरजेला ‘वर्गचितिघन’ म्हटले असून पदसंख्या, एक मिळवलेली पदसंख्या आणि त्या दोहोंची बेरीज यांच्या गुणाकाराचा सहावा भाग घ्यावा असा नियम दिला आहे. श्लोकात नियम आहे, पण त्याची सिद्धता नाही. हे सूत्र केवळ चार किमतींवरून मिळवता येते, आणि कोटीचा विचार जोडला की तीच कृती पूर्ण सिद्धताही होते.

बेरजेच्या किमती S(0) = 0 पासून सुरू करून ०, १, ५, १४, ३०, ५५ अशा येतात. लगतच्या किमतींमधील अंतरे १, ४, ९, १६, २५ हे वर्गच आहेत. त्यांची अंतरे ३, ५, ७, ९ आणि त्यांचीही अंतरे २, २, २. तिसऱ्या पायरीवर अंतर स्थिर झाले. बहुपदीत n ऐवजी n−1 घालून वजाबाकी केली की सर्वांत मोठ्या घाताचे पद उडते आणि कोटी नेमकी एकाने घटते. येथे ही वजाबाकी n² इतकी, म्हणजे दुसऱ्या कोटीची हवी आहे. तेव्हा मूळ बहुपदी असलीच तर ती तिसऱ्या कोटीची असणार.

म्हणून P(n) = an³ + bn² + cn + d मानू. P(0) = 0 असल्याने d = 0. n ला १, २, ३ या किमती दिल्या की तीन एकसामयिक समीकरणे मिळतात:

a + b + c = 1
8a + 4b + 2c = 5
27a + 9b + 3c = 14

दुसऱ्यातून पहिल्याची दुप्पट वजा केल्यास 6a + 2b = 3, आणि तिसऱ्यातून पहिल्याची तिप्पट वजा केल्यास 24a + 6b = 11. यांतून a = 1/3, b = 1/2 आणि पहिल्या समीकरणावरून c = 1/6.

P(n) = n³/3 + n²/2 + n/6 = n(n+1)(2n+1)/6

चार बिंदूंतून जाणारी अशी बहुपदी नेहमीच काढता येते. त्यामुळे पाचव्या, शंभराव्या किमतीलाही ती बेरजेशी जुळेल याची हमी वेगळी द्यावी लागते, आणि या विषयाचा खरा गाभा तोच आहे. P(n) − P(n−1) − n² ही राशी पाहू. P तिसऱ्या कोटीची असल्याने ही राशी फार तर दुसऱ्या कोटीची आहे. पण आपण P च्या किमती ०, १, २, ३ या चारही ठिकाणी S शी जुळवल्या आहेत; म्हणून n = 1, 2, 3 या तीन ठिकाणी ही राशी शून्य होते. दुसऱ्या कोटीच्या किंवा त्याहून लहान कोटीच्या शून्येतर बहुपदीला दोनहून अधिक मुळे असू शकत नाहीत. तेव्हा ही राशी सर्वत्र शून्यच आहे. P आणि S दोन्ही शून्यापासून निघतात आणि प्रत्येक पावलाला n² नेच वाढतात, म्हणून त्या प्रत्येक n साठी समान आहेत. येथे वेगळ्या गणिती विगमनाने पडताळणी करण्याची गरज उरत नाही.

कोटी कमी धरली तर चूक लगेच दिसते. ०, १, ५ या किमतींतून जाणारी वर्ग बहुपदी (3n² − n)/2 आहे; n = 3 ला ती १४ ऐवजी १२ देते. कोटी जास्त धरली तर बिघडत नाही: पाच किमती घेऊन चौथ्या कोटीची बहुपदी काढल्यास n⁴ चा सहगुणक शून्य येतो. सहगुणक मात्र अपूर्णांकातच ठेवावेत. ०.३३३, ०.५ आणि ०.१६७ वापरल्यास n = 100 साठी ३,३८,०१६.७ येते, तर खरी बेरीज ३,३८,३५० आहे.

ही हमी ‘प्रत्येक पाऊल n² चे’ या माहितीतून येते, नुसत्या आकड्यांतून नाही. वर्तुळावर बिंदू घेऊन सर्व जीवा काढाव्यात आणि आत एका बिंदूत तीन जीवा मिळू देऊ नयेत. तेव्हा १, २, ३, ४ बिंदूंसाठी वर्तुळाचे १, २, ४, ८ भाग होतात. या चार किमतींतून जाणारी घन बहुपदी पाचव्या बिंदूला १५ सांगते, पण भाग १६ होतात. तेथे कोटी चार आहे, आणि ती जीवांच्या छेदनबिंदूंच्या मोजणीतूनच कळते.

हाच युक्तिवाद वरच्या घातांनाही लागू पडतो: k व्या घातांच्या बेरजेची कोटी k+1 असते आणि जुळणीला शून्य धरून k+2 किमती पुरतात. 1 + 2 + 4 + 8 + … या बेरजेला मात्र तो लागू नाही, कारण तिची अंतरे पुन्हा दोनाचेच घात देतात आणि कितीही वेळा वजाबाकी केली तरी स्थिर होत नाहीत.