शाळेतला चित्रपट दिवस : ऑटिस्टिक मुलासाठी सोयींचा अर्ज मुख्याध्यापकांना कसा करावा

शाळेकडून सूचना येते की अमुक दिवशी सभागृहात सगळ्या वर्गांना चित्रपट दाखवला जाणार आहे. ऑटिस्टिक मुलाच्या पालकांच्या डोळ्यांसमोर लगेच अंधार, मोठा आवाज, गर्दी आणि नेहमीचे वेळापत्रक मोडलेला दिवस उभा राहतो. बरेच पालक त्या दिवशी मुलाला घरी ठेवतात. काही जण ‘जरा लक्ष ठेवा’ एवढे वर्गशिक्षकांच्या कानावर घालून पाठवतात. या दोन्हींपेक्षा मुख्याध्यापकांना वेळेत दिलेला एक नेमका अर्ज जास्त कामाचा असतो. त्यात काय लिहावे, काय जोडावे आणि अर्ज दिल्यावर काय करावे, ते इथे सांगते.

अर्ज कोणाला करता येतो

ज्या मुलाला आवाज, प्रकाश, स्पर्श, वास किंवा गर्दी इतरांपेक्षा जास्त तीव्रतेने जाणवते, त्या मुलाच्या पालकांना हा अर्ज करता येतो. ध्वनी-प्रकाशाला मिळणारा असा तीव्र किंवा उलट फारच मंद प्रतिसाद २०१३ सालच्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेत ऑटिझमच्या निकषांमध्येच आलेला आहे. त्यामुळे ‘मूल लाडावलेले आहे’ हा आक्षेप मनावर घेऊ नका. निदान अजून हातात नसेल, तपासणीची तारीख मिळायची असेल, तरीही अर्ज करा. एका दिवसाच्या या सोयी मुख्याध्यापक सहसा स्वतःच्या अधिकारात मंजूर करू शकतात.

ज्यांना आधार हवा असेल त्यांच्यासाठी : संयुक्त राष्ट्रांच्या २००६ सालच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारातले कलम २४ शिक्षणात वाजवी सोयी देण्याबद्दल आहे. कलम ३० तर खेळ आणि करमणुकीत, शाळेतल्या अशा कार्यक्रमांतही, अपंग मुलांना इतर मुलांइतकाच सहभाग मिळावा असे म्हणते. चित्रपट दिवस याच कलमात बसतो. मात्र पहिल्या अर्जात कलमे टाकू नयेत असे माझे मत आहे. सोय मागताना सहकार्याचा सूर ठेवा आणि नकार आला तरच कलमांकडे वळा.

कागदपत्रे

अर्जाला मुलाबद्दलचे एक पान जोडा. त्याला काय त्रासदायक वाटते, त्रास सुरू झाल्याची पहिली खूण कोणती, तो कशाने शांत होतो आणि कशाने आणखी बिघडते, एवढेच त्यावर असावे. शाळेत मुलासाठी वैयक्तिक शिक्षण आराखडा आधीच असेल तर त्यातले संबंधित पान द्या. ऑक्युपेशनल थेरपिस्टचे किंवा डॉक्टरांचे छोटे पत्र असेल तर उत्तम. संपूर्ण निदान अहवाल मात्र देऊ नका. त्यात घरातल्या आणि बालपणीच्या कितीतरी खासगी गोष्टी असतात, आणि खुर्ची कुठे ठेवायची हे ठरवायला त्यांची गरज नसते.

एका बाबतीत डॉक्टरांचा कागद हवाच. मुलाला फिट्स येत असतील किंवा पूर्वी आल्या असतील, तर लुकलुकणाऱ्या दृश्यांचा प्रश्न त्रासापुरता राहत नाही, तो सुरक्षिततेचा होतो. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा चमकणारा प्रकाश काहींना झटका आणू शकतो. ही माहिती अर्जात वेगळ्या परिच्छेदात, ठळक लिहा.

अर्ज लिहिण्याआधी

शाळेकडून चित्रपटाचे नाव आणि लांबी विचारून घ्या आणि तो घरी आधी एकदा पाहा. हातात वही ठेवा आणि अचानक मोठा आवाज, झगझगाट, रडारड किंवा पाठलाग कितव्या मिनिटाला येतो ते टिपा. सतत थोडा मोठा आवाज पुष्कळ मुलांना सहन होतो, पण शांततेनंतर एकदम फुटणारा आवाज होत नाही. म्हणून ‘आवाज कमी ठेवा’ या विनंतीपेक्षा ‘अकराव्या मिनिटाला वीज कडाडते’ ही माहिती शिक्षकांच्या जास्त उपयोगी पडते. त्या आधी मिनिटभर ते मुलाला खूण करू शकतात.

मुलालाही विचारा. त्याला बोलून सांगता येत नसेल तर चित्रे दाखवून विचारा की दाराजवळ बसायचे की मित्राजवळ, हेडफोन हवे की नकोत. त्याच्या पसंतीविरुद्ध मागितलेली सोय त्या दिवशी वापरली जात नाही.

अर्जाचा नमुना

चौथीतला एक मुलगा, शाळेच्या सभागृहात दीड तासाचा चित्रपट, असे धरून हा नमुना दिला आहे. तपशील आपल्या मुलाप्रमाणे बदला.

> प्रति,
> मा. मुख्याध्यापक
>
> विषय : चित्रपट दिवशी माझ्या मुलासाठी काही सोयी मिळण्याबाबत
>
> महोदय,
>
> माझा मुलगा इयत्ता चौथीत शिकतो. तो ऑटिस्टिक आहे. वर्गासोबत चित्रपट पाहायची त्याची इच्छा आहे, आणि तो इतर मुलांबरोबरच बसावा असे आम्हालाही वाटते. अचानक आलेला मोठा आवाज आणि पूर्ण अंधार त्याला सहन होत नाही. त्रास सुरू होताना तो आधी कान झाकतो आणि एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणतो. तेव्हाच बाहेर नेले तर काही वेळात तो सावरतो. उशीर झाला तर रडणे आणि ओरडणे त्याच्या हातात राहत नाही.
>
> त्यासाठी पुढील सोयी मिळाव्यात, ही विनंती.
>
> १. त्याला मागच्या रांगेत, कडेची, दाराजवळची आणि स्पीकरपासून लांबची खुर्ची द्यावी. गर्दी होण्याआधी त्याला आत बसू द्यावे.
>
> २. बाजूचा एक दिवा चित्रपटभर चालू ठेवावा. शेवटी सगळे दिवे एकदम न लावता टप्प्याटप्प्याने लावावेत.
>
> ३. आवाजाची पातळी आदल्या दिवशी ठरवून तिथे खूण करावी, बास कमी ठेवावा आणि उपशीर्षके चालू ठेवावीत.
>
> ४. तो स्वतःचे इअरमफ वापरेल आणि हातात मऊ चेंडू ठेवेल. त्याला तशी परवानगी असावी.
>
> ५. त्याने लाल कार्ड दाखवले की न विचारता बाहेर जाता यावे. त्याच्यासोबत कोण जाईल आणि कोणत्या शांत खोलीत बसेल, हे आधी ठरलेले असावे. बरे वाटल्यावर त्याला परत आत येता यावे.
>
> चित्रपटातील ११व्या मिनिटाला वीज कडाडते, ३८ ते ४१ या मिनिटांत पाठलाग आणि झगझगाट आहे, आणि ८६व्या मिनिटापासून मोठ्या आवाजातले गाणे आहे. चित्रपट किंवा वेळ बदलल्यास कृपया आदल्या दिवशी कळवावे. मी त्या वेळेत फोनवर उपलब्ध आहे.
>
> सोबत : मुलाची माहिती, एक पान.
>
> आपली विश्वासू,
> (सही, नाव, दूरध्वनी क्रमांक, दिनांक)

या मागण्यांमागचे कारण

बास कमी करण्याची विनंती पुष्कळांना विचित्र वाटते. साधे इअरमफ तीव्र, उंच पट्टीचे आवाज चांगले अडवतात, पण खोल धडधड त्यांतून आत येते आणि खुर्चीतून, छातीतून जाणवते. त्याउलट नॉईज कॅन्सलिंग हेडफोन सलग घुमणारा खालच्या पट्टीचा आवाज कमी करतात, मात्र अचानक झालेल्या धमाक्यापुढे त्यांचा जोर कमी पडतो. कोणतेही साधन घातले तरी संवाद पुसट होतात. म्हणूनच, मूल वाचू शकत असेल तर, उपशीर्षके मागायची.

आवाजाची खूण आदल्या दिवशी का, याचेही कारण आहे. रिकाम्या सभागृहात आवाज भिंतींवर आपटून घुमतो. मुलांनी भरलेल्या सभागृहात तो अंगाकपड्यांत शोषला जातो, शिवाय मुलांची कुजबुज असते. त्यामुळे आदल्या दिवशी पुरेसा वाटलेला आवाज त्या दिवशी कमी वाटतो, मागून कोणीतरी ‘ऐकू येत नाही’ म्हणते आणि बटण फिरते. चाचणी घेणाऱ्यांना हे आधी सांगा. खूण ठरवताना थोडा वाव धरला आणि उपशीर्षके असली की आवाज मध्येच वाढवायची वेळ सहसा येत नाही.

सगळ्यात महत्त्वाची मागणी पाचवी आहे. एखाद्या शाळेने बाकी चार नाकारल्या तरी हिच्यावर ठाम राहा. बाहेर पडता येईल हे ठाऊक असलेले मूल बहुतेकदा जास्त वेळ आत बसते. परवानगी मागायची अट घातली तर नेमक्या ज्या क्षणी त्याच्याकडे शब्द उरत नाहीत, त्याच क्षणी आपण त्याला बोलायला लावतो. शांत खोली त्या दिवशी कुलूपबंद असते, असेही होते. किल्ली कोणाकडे आहे ते विचारून ठेवा. आणि ती खोली शिक्षा झालेल्या मुलांना बसवायची खोली नसावी.

अर्ज दिल्यानंतर

अर्ज दोन-तीन आठवडे आधी द्या, पोच घ्या, आणि एकेक प्रत वर्गशिक्षकांना, विशेष शिक्षकांना आणि चित्रपट लावणाऱ्या व्यक्तीला मिळेल असे पाहा. चांगल्या मनाने मंजूर झालेले अर्ज सर्वात जास्त इथेच फसतात. मुख्याध्यापकांची सही फाइलमध्ये राहते आणि सभागृहाच्या दारात त्या दिवशी बदलीवर आलेले शिक्षक उभे असतात, ज्यांना लाल कार्ड म्हणजे काय हे कोणी सांगितलेले नसते. आदल्या दिवशी दोन मिनिटांचा फोन करून तीनच प्रश्न विचारा : खुर्ची कोणती, सोबत कोण, खोली कुठली. तीनपैकी एकाचे जरी उत्तर ‘बघू’ असे आले, तर सोय अजून झालेली नाही असे समजा.

जमल्यास मुलाला रिकामे सभागृह आधी दाखवून आणा. त्याची खुर्ची, दार आणि शांत खोलीपर्यंतचा रस्ता त्याला स्वतः चालून पाहू द्या.

‘त्यापेक्षा त्या दिवशी त्याला घरीच ठेवा’ किंवा ‘वेगळ्या खोलीत एकट्याला टॅबवर दाखवू’ असे उत्तर आले, तर लेखी विचारा की पाचपैकी नेमकी कोणती सोय शक्य नाही आणि का. बहुतेक वेळा अडचण एकाच गोष्टीची निघते, साधारणतः सोबत जायला माणूस नसण्याची. मग चर्चा तेवढ्याच गोष्टीवर करता येते. पालक किंवा मुलाच्या ओळखीचा मदतनीस बाहेर थांबू शकतो असे सुचवा. तरीही नकारच आला तर शाळेच्या व्यवस्थापनाकडे किंवा तुमच्या शिक्षण खात्याकडे जाता येते. आधीचा अर्ज, पोच आणि लेखी उत्तर तेव्हा जोडायचे.

चित्रपट नीट पार पडला असे शाळा सांगेल, तरी त्या संध्याकाळी घरी दुसरे काही ठरवू नका. दिवसभर स्वतःला सावरून धरलेले मूल घरी आल्यावर कोसळू शकते. तसे झाले तर दुसऱ्या दिवशी वर्गशिक्षकांना दोन ओळी लिहा : किती मिनिटे आत बसला, कार्ड कधी वापरले, घरी काय झाले. पुढच्या स्नेहसंमेलनाच्या अर्जाला हीच नोंद जोडता येईल.